पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाचा निरीक्षण अहवाल : आकडे, अ‍ॅक्शन आणि मापे एकत्र कशी वाचावीत?

पॅव्हेलियन_एंड

आमच्या जिल्ह्यातील एका मुलाचा अहवाल मला सोळा वर्षांखालील शिबिराच्या निवडीसाठी द्यायचा आहे. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे त्याचे नाव, गाव आणि क्लब यांचा उल्लेख मी येथे करणार नाही, आणि कोणी ओळखले तरी त्यांनीही करू नये, ही विनंती. अहवालाचे तीन भाग तयार आहेत. प्रत्येक भाग वेगळा वाचला तर वेगळाच निष्कर्ष निघतो, म्हणून तो येथे मांडत आहे.

मुलगा उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. जानेवारीत त्याचे वय पंधरा वर्षे चार महिने होते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तो जिल्हा पातळीवरील सहा दोन दिवसीय सामने खेळला. त्यांत त्याने ९४ षटकांत २६२ धावा देऊन २७ बळी घेतले, म्हणजे सरासरी १० च्याही आत आहे. मात्र त्यांतले १५ बळी दोन अतिशय दुबळ्या संघांविरुद्धचे असून ते केवळ २८ षटकांत मिळालेले आहेत. उरलेल्या चार सामन्यांत ६६ षटके, २०१ धावा आणि १२ बळी असा हिशेब आहे. मला हे दुसरे आकडे अधिक खरे वाटतात आणि तेही चांगलेच आहेत.

अ‍ॅक्शनविषयी माझी नोंद अशी आहे. मागचा पाय टेकतो तेव्हा त्याचे पाऊल आणि कंबर बऱ्यापैकी फलंदाजाकडे उघडलेली असतात. त्यानंतर मात्र खांदे मागे वळून साइड-ऑन होतात, म्हणजे फलंदाजाकडे बाजू करतात, आणि तेथून पुन्हा पुढे येतात. खांद्यांचे हे उलट वळण मला मोबाइलच्या चित्रीकरणात ३८ अंश दिसले. पुढचा पाय टेकताना त्याचा गुडघा वाकतो आणि चेंडू सुटताना डोके डावीकडे झुकते.

मापे मी तीनदा घेतली. जुलैत उंची १७६.२ सें.मी. आणि बसून उंची ९०.४ होती. ऑक्टोबरमध्ये हीच मापे १७८.३ आणि ९०.९ झाली, तर जानेवारीत १८०.६ आणि ९१.६. वजन सहा महिन्यांत ६०.५ किलोवरून ६२ वर आले आहे. नेटमध्ये पहिल्या काही षटकांतील वेग ताशी ११५ ते ११८ किलोमीटर आहे.

माझा प्रश्न असा, की शिबिरासाठी त्याची शिफारस आत्ताच करावी का, आणि करायची असल्यास निवडकर्त्यांनी प्रथम काय वाचावे?

यॉर्कर१९

वय आणि उंचीवरून मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे. मुलांसाठी ते वय × उंची × ०.००३६१२४ − ७.९९९९९४ असे आहे. तुमच्या मुलासाठी १५.३ आणि १८०.६ घातले तर उत्तर जवळजवळ २ येते. याचा अर्थ त्याच्या वाढीचा सर्वात वेगवान काळ दोन वर्षांपूर्वीच संपला आहे. म्हणजे शरीर बऱ्यापैकी तयार आहे आणि काळजीचे कारण नाही. अ‍ॅक्शनला तर हातही लावू नका. बुमराहची अ‍ॅक्शन कोणी पुस्तकाप्रमाणे सुधारली असती, तर आज आपल्याला तो गोलंदाज मिळाला नसता.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत किशोरवयीन गोलंदाज बरेच असतात. सूत्र तुम्ही बरोबर लिहिले आहे, परंतु या मुलाच्या बाबतीत त्याचे उत्तर समोरच्या मोजमापांशी जुळत नाही. ज्याच्या वाढीचा कळस दोन वर्षांपूर्वी होऊन गेला, त्या मुलाची उंची सहा महिन्यांत ४.४ सें.मी. वाढत नाही. वर्षाला जवळपास ९ सें.मी. हा वेग मुलांमध्ये कळसाच्या आसपासचाच असतो. ते सूत्र सरासरी मुलांच्या मापांवरून बसवलेले आहे, त्यामुळे मुळातच उंच असलेला पण उशिरा वयात येणारा मुलगा त्यात हमखास पुढे गेलेला दिसतो. एकाच दिवशी घेतलेल्या मापावर सूत्र चालवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी घेतलेली मापे कितीतरी अधिक सांगतात, आणि ती येथे उपलब्ध आहेत.

या मापांत मला आणखी एक गोष्ट दिसते. सहा महिन्यांत बसून उंची १.२ सें.मी. वाढली आहे, तर पायांची लांबी, म्हणजे उभी उंची वजा बसून उंची, ८५.८ वरून ८९.० वर गेली आहे. वाढीत सहसा पाय आधी लांबतात आणि धड नंतर. त्यामुळे या मुलाच्या पाठीच्या कण्याची मोठी वाढ बहुधा अजून व्हायची आहे. गोलंदाजीचा सगळा भार नेमका तेथेच येणार आहे.

पॅव्हेलियन_एंड, ही मापे दिवसाच्या कोणत्या वेळी घेतली होती? आणि त्याची पाठ कधी दुखली होती का? अहवालात पाठीविषयी एकही शब्द नाही.

पॅव्हेलियन_एंड

जुलै आणि जानेवारीची मापे सकाळी सात वाजता, अनवाणी आणि एकाच भिंतीपाशी घेतली. ऑक्टोबरचे माप संध्याकाळी सरावानंतरचे आहे.

पाठीविषयी मी त्याला काल विचारले. डिसेंबरअखेरच्या सामन्यात त्याने एका दिवसात २३ षटके टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेच्या वर डावीकडे आखडल्यासारखे वाटत होते आणि दोन दिवसांत ते गेले, असे तो म्हणाला. त्याने हे आधी कोणालाच सांगितले नव्हते.

अस्थिबंध

मग तुमच्या अहवालाचे पहिले वाक्य हेच असायला हवे. उजव्या हाताने टाकणाऱ्या गोलंदाजाच्या कमरेत डाव्या बाजूला, म्हणजे गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला होणारे दुखणे मी कधीही स्नायूंचे म्हणून सोडून देत नाही. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या कमानीवर त्याच बाजूने ताण येतो आणि त्या ताणाने हाडाला पडणारी भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, बहुतेक वेळा तेथेच होते. दोन दिवसांत दुखणे गेले यावरून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात विश्रांतीने दुखणे थांबते आणि गोलंदाजी सुरू झाली की परत येते.

त्याला एका पायावर उभे करून हळूहळू मागे वाकायला सांगा, आधी उजव्या पायावर आणि मग डाव्या. त्याच ठिकाणी दुखले तर गोलंदाजी त्या दिवसापासून बंद करावी आणि हाडांच्या डॉक्टरांकडून एमआरआय करून घ्यावा. दुखले नाही तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण ही चाचणी पूर्ण भरवशाची नाही. केवळ एक्स-रे काढून समाधान मानू नये. हाडात भेग पडण्यापूर्वी जी सूज येते ती एमआरआयमध्ये दिसते, एक्स-रेमध्ये नाही. या टप्प्यावर सापडले तर काही महिन्यांची विश्रांती पुरते. भेग पूर्ण पडल्यावर सापडले तर हंगाम जातो आणि कधीकधी हाड जुळतच नाही.

मापांच्या वेळेविषयी सांगायचे, तर दिवसभरात माणसाची उंची साधारण एक सें.मी. कमी होते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात. त्यामुळे तुमचे ऑक्टोबरचे माप थोडे कमी आले असणार, आणि ऑक्टोबर ते जानेवारी ही वाढ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. पण हा फरक धडात पडतो, पायांत नाही. म्हणून पायांच्या लांबीचे तुमचे तिन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

गोलंदाजाची_आई

माझाही मुलगा याच वयाचा आहे आणि त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितले आहे. वय कमी दाखवले असा तुमच्या मुलावर संशय आहे का? आमच्याकडे जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, सगळे व्यवस्थित असूनही तपासणी कशासाठी, हे मला समजत नाही. त्यात नापास झाला तर तो खोटारडा ठरतो का?

पॅव्हेलियन_एंड

ताई, येथे वयाचा संशय नाही. ती तपासणी वेगळी असते. सोळा वर्षांखालील मुलांसाठी बीसीसीआय मनगटाच्या हाडांवरून हाडांचे वय ठरवते आणि ते मर्यादेच्या वर गेले तर मुलगा त्या गटात खेळू शकत नाही. लवकर वयात आलेल्या मुलाचे हाडांचे वय खऱ्या वयापेक्षा पुढे असू शकते, त्यामुळे खरा दाखला असलेला मुलगाही बाहेर राहतो. तो खोटारडा ठरत नाही, पण त्या गटापुरता अपात्र ठरतो. हे त्याला आधीच समजावून सांगा, कारण या वयात मुले ते मनाला फार लावून घेतात.

आमच्या मुलाच्या बाबतीत मात्र यातून एक उपयोगी गोष्ट निघते. वयोगट १ सप्टेंबरच्या वयावर ठरतो आणि त्याचा जन्म सप्टेंबरचा आहे. त्यामुळे जन्मतारखेनुसार पुढच्या हंगामातही तो सोळा वर्षांखालीच राहील.

स्कोअरर_काका

मी अनेक वर्षे जिल्ह्याच्या सामन्यांची गुणपत्रके लिहीत आलो आहे, म्हणून विचारतो. बळी आणि धावा तुम्ही दिल्या, पण नो-बॉल दिलेले नाहीत. वेगवान गोलंदाजाच्या पानावर माझी नजर सर्वात आधी तेथे जाते. कोणत्या सामन्यात किती, आणि दिवसाच्या कितव्या स्पेलमध्ये, हे काढता येईल का?

पॅव्हेलियन_एंड

काका, आज बसून सगळी पाने पाहिली. ९४ षटकांत एकूण १४ नो-बॉल आहेत, आणि सगळे पुढच्या पायाचे आहेत. पहिल्या तीन सामन्यांत ३ होते, नंतरच्या तीन सामन्यांत ११. त्या ११ पैकी ८ दिवसाच्या पहिल्या स्पेलमधले आहेत. दमल्यावर नो-बॉल पडतात अशी माझी समजूत होती, पण येथे तिसऱ्या स्पेलमध्ये जवळजवळ नाहीतच.

त्याचा रन-अप मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला टेप लावून १७ मीटरचा ठरवून दिला होता. प्रत्येक सामन्याआधी तो टेपनेच खूण करतो.

स्कोअरर_काका

मग हे कोडे सुटण्यासारखे आहे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत त्याचे पाय ८७.४ वरून ८९.० झाले, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहून थोडे अधिक लांबले. पावलांची लांबी त्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर १७ मीटरच्या धावेत तेवढ्याच पावलांत तो सुमारे ३० सें.मी. पुढे जाऊन पोचतो. खूण मात्र तेथेच आहे. सकाळी ताजातवाना असताना मोकळा धावतो आणि रेषा ओलांडतो. एक-दोनदा पंचांनी हात आडवा केला की तो शेवटची पावले आखडती घेऊ लागतो. म्हणून तिसऱ्या स्पेलमध्ये नो-बॉल दिसत नाहीत.

उडी मारण्यापूर्वी पावले आखडतात का, हे चित्रीकरणात जरूर पाहा.

पॅव्हेलियन_एंड

पाहिले. नोव्हेंबरच्या चित्रीकरणात तो सरळ धावत येऊन उडी घेतो. जानेवारीतील दुपारच्या स्पेलमध्ये उडीच्या आधीची दोन पावले स्पष्टपणे लहान झालेली आहेत आणि उडीही खुजी आहे. मागचा पाय टेकल्यावर खांद्यांचे उलट वळण नोव्हेंबरमध्येही दिसते, पण जानेवारीत ते जास्त वाटते.

यावरून मला असे वाटू लागले आहे, की धावेतून मिळणारा वेग तुटला आणि तो भरून काढण्यासाठी मुलगा धडाने चेंडू ओढू लागला. उंची वाढली, म्हणून नो-बॉल पडले, नो-बॉल टाळण्यासाठी धाव तुटली, आणि तुटलेल्या धावेचा भार पाठीवर आला. तसे असेल तर माझ्या अहवालातील तीन भाग ही एकाच घटनेची तीन टोके आहेत.

रणजी_स्टँड

मी स्वतः वेगवान गोलंदाजी केली आहे आणि आता मुलांना शिकवतो. साखळी पटण्यासारखी आहे, पण तिची सुरुवात तुम्ही उंचीपासून करता ते मला मान्य नाही. तुम्हीच म्हणता की उलट वळण नोव्हेंबरमध्येही होते. म्हणजे मूळ दोष मागच्या पावलात आहे. कंबर उघडी आणि खांदे बंद, ही मिक्स्ड अ‍ॅक्शन झाली. वाढीमुळे ती फक्त अधिक उघडी पडली. माझ्या मते मागचे पाऊल आत्ताच दुरुस्त करावे. एकतर ते क्रीजला समांतर टाकून पूर्ण साइड-ऑन व्हावे, नाहीतर कंबर उघडी आहे तशी ठेवून खांदेही उघडेच ठेवावेत. या मुलाला दुसरा मार्ग सोपा जाईल. अठराव्या वर्षी हे बदलणे फार कठीण असते.

यॉर्कर१९

पण मग बुमराहचे काय? आणि पॅट कमिन्सने तर अठराव्या वर्षी कसोटी खेळून सहा बळी घेतले.

अस्थिबंध

ही दोन्ही उदाहरणे पूर्ण पाहू या. कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पदार्पण केले आणि दुसऱ्या डावात सहा बळी घेतले, हे खरे आहे. त्यानंतरची त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधल्या काळात पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरसह अनेक दुखापती होत्या आणि त्याला अ‍ॅक्शनवरही काम करावे लागले. बुमराहला २०१९ मध्ये पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि मार्च २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही तो जगातील उत्तम गोलंदाजांपैकी एक आहे, यात वाद नाही. एखादी अ‍ॅक्शन परिणामकारक आहे की नाही आणि ती पाठीवर किती भार टाकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

रणजी_स्टँड, मिक्स्ड अ‍ॅक्शनचा आणि पाठीच्या दुखापतींचा संबंध जोडणारा तुमचा मुद्दा रास्त आहे. मात्र दर तीन महिन्यांनी पायांची लांबी बदलत असताना मुलाचे स्वतःच्या शरीरावरील नियंत्रणच डळमळीत असते. आज बसवलेले पाऊल एप्रिलमध्ये पुन्हा सरकेल. मी प्रथम षटके कमी करीन, उंचीचा वेग मंदावेपर्यंत थांबेन आणि मग अ‍ॅक्शन हातात घेईन.

रणजी_स्टँड

षटके कमी करून अ‍ॅक्शन तशीच ठेवली, तर तो चुकीची सवय कमी वेगाने पक्की करील, एवढेच होईल. मी धीम्या धावेवर, चार-पाच पावलांवरून, फक्त मागच्या पावलाचे काम द्यायला सांगतो आहे. त्यात पाठीवर फार भार येत नाही. या मुद्द्यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही.

लीड्सकर

मी यॉर्कशायरमध्ये क्लबच्या मुलांच्या संघाचे काम पाहतो. अनेक वर्षे वापरात असलेले येथील निर्देश सांगतो. पंधरा वर्षांखालील गटात वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये जास्तीत जास्त ६ षटके आणि दिवसात १२ टाकायची, आणि सोळा-सतरा वर्षांखालील गटांत ७ आणि १८. तुमच्या मुलाची एका दिवसातील २३ षटके मोठ्या गटाच्या मर्यादेपेक्षाही जास्त आहेत. येथे पंच आणि दोन्ही कर्णधार ही मोजणी ठेवतात, त्यामुळे कर्णधाराला मोह झाला तरी चेंडू हातात देता येत नाही.

दुसरे म्हणजे, तुम्ही वेग कसा मोजला? मोबाइलवर मोजला असेल तर किती फ्रेमवर, हे अहवालात लिहायला हवे.

पॅव्हेलियन_एंड

बाजूने मोबाइल ठेवून, सेकंदाला ६० फ्रेमवर, चेंडू हातातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंतच्या फ्रेम मोजल्या. टप्प्याच्या जागा आधी शंकू ठेवून आखलेल्या होत्या.

लीड्सकर

मग एकेका चेंडूचा आकडा देऊ नका. यष्टीपासून सहा मीटरवर टप्पा पडला, तर हातापासून तेथपर्यंतचे अंतर साधारण १३ मीटर होते. ते चेंडूने २४ फ्रेममध्ये कापले तर वेग ताशी सुमारे ११७ किलोमीटर निघतो आणि २५ फ्रेममध्ये कापले तर ११२. एका फ्रेमच्या फरकाने पाच किलोमीटर जातात, आणि चेंडू नेमका कोणत्या क्षणी सुटला हे दोन फ्रेमच्या मध्येच कोठेतरी असते. सेकंदाला २४० फ्रेमवर घेतले तर हीच चूक एक-सव्वा किलोमीटरवर येते. ६० फ्रेमवरच घ्यायचे असेल तर निदान बारा-पंधरा चेंडूंची सरासरी काढा. शिवाय हा वाटेतला सरासरी वेग आहे. स्पीडगन हातातून सुटतानाचा वेग पकडते आणि तो थोडा जास्त असतो, म्हणून दोन्हींची तुलना करू नये.

अस्थिबंध

तोच नियम कोनालाही लागू होतो. एका मोबाइलने मागून घेतलेल्या चित्रात खांद्यांचे वळण ३८ अंश आहे असे सांगता येत नाही. ते वळण आडव्या प्रतलात होते, तुमचा कॅमेरा उभ्या प्रतलातून पाहतो, आणि मुलगा डावीकडे झुकलेला असताना तर ते चित्र आणखीच फसवे असते. संशोधनात तीस अंशांच्या आसपासची सीमा वापरली जाते, पण ती मोजणी अनेक कॅमेऱ्यांवरून केलेली असते. निवडकर्ते तुमचे ३८ त्या तीसशी ताडून पाहतील. ‘उलट वळण स्पष्ट दिसते आणि नोव्हेंबरपेक्षा जानेवारीत वाढलेले वाटते’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. नेटच्या वर कोठे गच्ची किंवा जिना असेल तर तेथून सरळ खाली पाहणारे चित्रीकरण करा. त्यातूनही अंश निघणार नाहीत, पण महिन्यागणिक तुलना करता येईल.

गोलंदाजाची_आई

मुलाने रविवारी टेनिस बॉलचे सामने खेळले तर ती षटकेही मोजायची का? आमच्याकडे शनिवारी क्लब आणि रविवारी टेनिस बॉल असेच चालते, आणि कोणी विचारतही नाही.

पॅव्हेलियन_एंड

ताई, तुमच्या प्रश्नामुळे मी त्याला विचारले. डिसेंबरमध्ये त्याने दोन रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळल्या. षटके थोडी असतात, पण प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने आणि आखूड रन-अपवरून टाकला जातो. त्याशिवाय शाळेचा संघ आणि नेट वेगळे. माझ्या कागदावर ९४ षटके होती. त्याच्या पाठीने त्याच काळात किती टाकली, हे कोठेच लिहिलेले नव्हते. आता त्याला एक वही दिली आहे. दिवस, ठिकाण, चेंडूंची संख्या आणि पाठ कशी होती, एवढेच तो लिहितो.

अस्थिबंध

ताई, होय, सगळे चेंडू मोजायचे. तुमच्या मुलाच्या वहीतही.

पॅव्हेलियन_एंड

दहा दिवसांनी पुढची माहिती देत आहे. एका पायावर मागे वाकण्याच्या चाचणीत डाव्या पायावर उभा असताना त्याला डावीकडे हलके दुखले. त्यामुळे गोलंदाजी त्याच दिवशी थांबवली. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितले आहे आणि पुढच्या आठवड्यात तो होईल. घरच्यांना समजावणे सोपे नव्हते, कारण चालताना, धावताना किंवा शाळेत बसताना त्याला काहीही होत नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी, हे काही माहीत नसताना, मी त्याचा रन-अप नव्याने लावला होता. त्याला क्रीजवरून उलट्या दिशेने, डोळे खाली न घालता धावायला लावले आणि ज्या ठिकाणी तो आपसूक उडी घेतो ती जागा चार वेळा आखली. त्या खुणा एकमेकींच्या जवळ आल्या आणि रन-अप ३५ सें.मी. लांबला. काकांचा अंदाज ३० चा होता. नंतरच्या अठरा चेंडूंत एकही नो-बॉल पडला नाही आणि शेवटची पावले आखडली नाहीत. खांद्यांचे उलट वळण मात्र होते तसेच दिसले. अठरा चेंडूंवरून निकाल लावता येत नाही, तरी येथे रणजी_स्टँड यांच्या म्हणण्याला वजन येते.

अहवालाचा नवा क्रम असा केला आहे. पहिल्या परिच्छेदात डाव्या बाजूचे दुखणे, एका दिवसातील २३ षटके आणि प्रलंबित एमआरआय. दुसऱ्यात पायांच्या लांबीची वाढ, नो-बॉलची विभागणी आणि रन-अप. बळींचे आकडे तिसऱ्या परिच्छेदात, दुबळ्या संघांचे दोन सामने वेगळे काढून. वेग केवळ सरासरीने आणि मोजण्याच्या पद्धतीसह. शिफारस अशी, की त्याला शिबिरात फलंदाजी, क्षेत्ररक्षण आणि व्यायामासाठी घ्यावे, एमआरआयचा निकाल येऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत एकही चेंडू टाकायला लावू नये, आणि तो जन्मतारखेनुसार पुढच्या हंगामातही पात्र असल्याची नोंद घ्यावी.

रणजी_स्टँड

शिबिरात पाठवूच नका. तेथे चेंडू हातात आला आणि कोणी मोठ्या माणसाने ‘दोन टाकून दाखव’ म्हटले, तर पंधरा वर्षांचा मुलगा नाही म्हणत नाही. मीही म्हटले नसते.

अस्थिबंध

हा धोका खरा आहे. पण घरी बसवले तर तो रविवारी टेनिस बॉल खेळायला जाईल, हेही तितकेच खरे आहे. शिबिरात निदान कोणीतरी पाहणारे असेल. एमआरआयमध्ये सूज दिसली तर हा वादच उरणार नाही. दिसली नाही तर मागच्या पावलाचे काम कधी सुरू करायचे यावर रणजी_स्टँड यांच्याशी मी पुन्हा बोलेन. बसून उंची एप्रिलमध्ये सकाळीच मोजा.

स्कोअरर_काका

निवड समितीकडे जाताना गुणपत्रकांच्या प्रतीही सोबत ठेवा आणि नो-बॉल लाल शाईने खुणा करून न्या. सरासरी सगळेच विचारतील. ते ११ नो-बॉल दाखवल्याशिवाय उंचीचा तक्ता कोणी उघडणार नाही.